मॅचच्या आधी गोठणाऱ्या खेळाडूसाठी पुस्तक: निवडायचं कसं आणि मैदानापर्यंत न्यायचं कसं

शालेय स्पर्धांचे दिवस आले, की क्रीडाशिक्षक आणि पालक एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. पोरगं सरावात कुणाला आवरत नाही, पण मॅचच्या दिवशी पार गारठतं. मग प्रश्न येतो, "यावर एखादं चांगलं पुस्तक सांगा की."

पुस्तकं आहेत, आणि त्यातली दोन-चार खरोखर उपयोगी आहेत. अडचण अशी की ती बहुतेक इंग्रजीत आहेत, टेनिस, गोल्फ किंवा नेमबाजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत, आणि मोठ्यांसाठी आहेत. तासगाव-पलूसकडच्या मराठी माध्यमाच्या, कबड्डी खेळणाऱ्या नववीतल्या मुलीच्या हातात ती तशीच दिली, तर आठवडाभरात दप्तराच्या तळाशी जातात. म्हणून इथं पुस्तकांची लांबलचक यादी देत नाही. एक खेळाडू घेऊ, तिच्यासाठी एक पुस्तक निवडू, आणि त्यातला मजकूर तिच्या चढाईपर्यंत कसा पोचवायचा ते पाहू.

उदाहरणासाठी अशी मुलगी धरा: सतरा वर्षांखालच्या गटात खेळते, शाळेच्या संघाची मुख्य चढाईपटू आहे. सरावात कोपऱ्यातल्या खेळाडूच्या पायाला हात लावून सहज परत येते. तालुक्याच्या मॅचला मात्र मध्यरेषा ओलांडते, चढाईत ओलांडावीच लागते त्या निदान रेषेपर्यंत कशीबशी जाते आणि हात न लावताच मागे फिरते. सर विचारतात, "काय झालं गं?" ती म्हणते, "पायच उचलंनात, सर."

पायरी १: गोठणं कोणत्या जातीचं आहे ते आधी बघा

पुस्तक विकत घ्यायच्या आधीचं हे काम आहे आणि याला पैसे पडत नाहीत. पहिल्यांदा एवढं तपासा, की ती चढाई सरावात, ताज्या दमात आणि खऱ्या बचावफळीसमोर दहापैकी निदान सहा-सात वेळा जमते का. जमत नसेल तर दोष दडपणाचा नाही, कौशल्य अजून बसलेलं नाही. अशा खेळाडूला मानसशास्त्राचं पुस्तक देणं म्हणजे वेळ घालवणं. तिला अजून चढाया हव्यात.

सरावात जमत असेल, तर एका मॅचचं मोबाइलवर चित्रण करा. घरी गेल्यावर, पोरीचं जेवण झाल्यावर, शांतपणे एकच प्रश्न विचारा: "मध्यरेषेवर उभी होतीस तेव्हा डोक्यात काय चाललं होतं?" मॅच संपल्या संपल्या विचारू नका. त्या वेळी तिला ते चौकशीसारखं वाटतं आणि उत्तर "काही नाही" एवढंच येतं.

उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. "उजवा पाय आधी टाकू की डावा, हात कुठं ठेवू, याचाच विचार होता" असं म्हणाली, तर ती स्वतःच्या शरीरावर पहारा देते आहे. "आउट झाले तर लोण बसेल, सर ओरडतील, काका बघायला आलेत" असं असेल, तर मन निकालात अडकलंय. "डोक्यात काहीच नव्हतं, पण हातपाय थरथरत होते, तोंड कोरडं पडलं होतं" हे तिसरं उत्तर. इथं शरीराची धडधड पुढं आहे आणि विचार मागं. एका मुलीत तिन्हींची सरमिसळ असते. पण एक सूर वरचढ असतो, आणि पुस्तक त्या सुरावरून निवडायचं.

पायरी २: मोठ्यांनी आधी एक पुस्तक वाचायचं

हे पुस्तक मुलीसाठी नाही, क्रीडाशिक्षकासाठी आहे. सायन बायलॉक यांचं 'चोक', २०१० साली आलेलं. बायलॉक संज्ञानात्मक मानसशास्त्रज्ञ आहेत, आणि दडपणाखाली येत असलेली गोष्ट का बिघडते, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. त्या स्वतः शाळकरी वयात फुटबॉलच्या गोलकीपर होत्या. राष्ट्रीय प्रशिक्षक आपल्या गोलजाळ्याच्या मागे येऊन उभे राहिलेत हे कळल्यावर आपला खेळ कसा ढासळला, हे त्यांनी जाहीर भाषणात सांगितलं आहे.

त्यांचा एक प्रयोग प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असावा. सराईत फुटबॉलपटूंना शंकूंमधून चेंडू घेऊन जायला सांगितलं, आणि आवाज झाला की चेंडूला पायाची आतली बाजू लागली की बाहेरची ते सांगायचं, असं काम दिलं. पायाकडं लक्ष गेलं आणि सराईत खेळाडू त्यांच्या नेहमीच्या पायानं चक्क संथ झाले. नवख्यांचं मात्र उलट झालं. पायाकडं लक्ष दिल्यावर ते सुधारले. याचा अर्थ असा की शिकताना "गुडघा वाकव, डावा पाय मागे" हे सांगणं योग्यच आहे. पण तीच सूचना मॅचच्या दिवशी, शिकून झालेल्या खेळाडूला बाजूरेषेवरून ओरडून दिली, तर आपणच तिला गोठवतो. आपल्याकडं हे किती होतं ते कुठल्याही तालुका स्पर्धेला जाऊन ऐका. सगळा संघ, दोन पालक आणि एक माजी खेळाडू एकाच वेळी पायांबद्दल सूचना देत असतात.

'चोक'मध्ये परीक्षा आणि मुलाखती यांवरही बराच मजकूर आहे. क्रीडाशिक्षकाला घाई असेल, तर खेळावरची प्रकरणं वाचून बाकीचं नंतरसाठी ठेवलं तरी चालतं.

पायरी ३: मुलीसाठी पुस्तक

आपल्या उदाहरणातल्या मुलीचं उत्तर पहिल्या प्रकारचं धरू: पाय कुठला, हात कुठं. या जातीसाठी मी टिमथी गॉलवे यांचं 'द इनर गेम ऑफ टेनिस' सांगेन. १९७४ चं पुस्तक आहे, छोटं आहे आणि अजून छापलं जातं. त्यातली कल्पना अशी, की खेळताना आपल्यात दोघं असतात: एक सतत सांगणारा आणि एक करणारा. सांगणारा बडबडायला लागला की करणाऱ्याचं शरीर आखडतं. सांगणाऱ्याला "गप्प बस" म्हणून तो गप्प बसत नाही. त्याच्या हाती दुसरं काहीतरी काम द्यावं लागतं. म्हणून गॉलवे खेळाडूला चेंडूची शिवण बघायला सांगतात. किंवा चेंडू जमिनीवर आपटला की एक शब्द आणि रॅकेटला लागला की दुसरा शब्द म्हणायला लावतात. सांगणारा त्या शब्दांत गुंततो आणि हात आपलं काम करतो.

उत्तर दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे निकालाच्या भीतीचं असेल, तर अभिनव बिंद्रा यांचं 'अ शॉट अॅट हिस्टरी' द्या. २०११ साली रोहित बृजनाथ यांच्या सोबतीनं लिहिलेलं हे आत्मचरित्र आहे, त्यात सरावाचे तक्ते शोधू नका. त्याचा उपयोग वेगळा आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला अंतिम फेरीत सातवा आलेला माणूस चार वर्षांनी बीजिंगला सुवर्णपदक घेतो, आणि मधल्या काळात त्यानं स्वतःची भीती कशी हाताळली ते सांगतो. बीजिंगच्या आधी तो जर्मनीत एका उंच खांबावर चढला होता, मुद्दाम, भीती अंगावर घेऊन बघायला. भीती जिंकणाऱ्यालाही वाटते, हे चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला उपदेशापेक्षा अशा गोष्टीतून लवकर पटतं.

तिसऱ्या प्रकाराला, थरथरीला, अख्ख्या पुस्तकाची गरज नाही. त्याचं मी मॅचच्या दिवसाच्या पायरीत सांगतो. मुलगी इंग्रजी माध्यमाची असेल आणि स्वतःच वाचणार असेल, तर जिम अॅफ्रेमो यांचं 'द यंग चॅम्पियन्स माइंड' आहे. ते किशोरवयीन खेळाडूंसाठीच लिहिलंय. भाषा सोपी आहे. थोडं पसरट आहे, पण त्या वयाला चालून जातं.

घेताना एक काळजी घ्या. गाजलेल्या पुस्तकांचे पंचवीस पानी 'सारांश' बाजारात असतात. त्यात नेमके सराव गाळलेले असतात आणि घोषवाक्यं तेवढी उरतात. सांगलीच्या नगर वाचनालयात किंवा शाळेच्या ग्रंथालयात आधी विचारा; पुस्तक नसेल तर मागणी नोंदवा. दुकानात पुस्तक चाळताना मी एकच कसोटी लावतो. मधलं कुठलंही पान उघडायचं आणि उद्या सकाळी मैदानात करता येईल असं काही त्याच्या आसपास सापडतं का ते बघायचं. चार ठिकाणी उघडून "स्वतःवर विश्वास ठेवा" एवढंच निघालं, तर ठेवून द्यायचं.

पायरी ४: टेनिसचं कबड्डीत आणायचं

खरं काम इथं आहे आणि बहुतेक जण इथंच सोडतात. मुलीला पुस्तक वाचायला सांगू नका. तुम्ही, किंवा घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या ताईनं, आठवड्यातून दोनदा दोन-तीन पानं मराठीत सांगायची. सुरुवातीची प्रकरणं, ती दोन 'मी'ची, सगळी घ्या. फोरहँड, सर्व्हिस वगैरे तंत्राचे भाग खुशाल गाळा.

मग तिला विचारा, "टेनिसवाल्यानं चेंडूची शिवण बघायची. कबड्डीत तुझा चेंडू कुठला?" उत्तर तिलाच शोधू द्या. बहुतेक चढाईपटू आधी डोळे म्हणतात, पण बचावपटूचे डोळे फसवतात. उपयोगी जागा म्हणजे कोपऱ्यातल्या खेळाडूचा पुढचा पाय. तो टाचेवर आहे की चवड्यावर, एवढंच बघायचं. चवड्यावर भार आला म्हणजे ती झेपावायच्या तयारीत आहे. हे बघण्यात सांगणारा 'मी' गुंतून जातो, आणि वर ही माहिती चढाईला कामाचीही असते.

शब्द म्हणायचा सराव मात्र कबड्डीत तसाच उचलता येत नाही. तोंड दमात अडकलेलं असतं. "कबड्डी, कबड्डी" अखंड आणि पंचाला ऐकू येईल असं म्हणावंच लागतं. पण हीच आपली सोय आहे. टेनिसवाल्याला बाहेरून शब्द आणावे लागतात, कबड्डीवाल्याला खेळानंच ते दिलेत. मुलीला सांगा, चढाईत स्वतःचा दम ऐकायचा. कसा म्हणायचा ते ठरवायचं नाही, फक्त त्याची गती ऐकायची. सरावात तिचा दम एका लयीत असतो. मॅचमध्ये गोठते तेव्हा तो घाईचा आणि वरच्या पट्टीत जातो, हे चित्रणात तुम्हालाही स्पष्ट ऐकू येईल. दोन्ही चित्रणं तिला एकदा शेजारी शेजारी ऐकवा. समजावण्याची फारशी गरज उरत नाही.

पहिला आठवडा सरावात फक्त दम ऐकणं, दुसरा आठवडा फक्त समोरचा पाय बघणं. दोन्ही एकदम देऊ नका. प्रत्येक चढाईनंतर "जमलं का?" असं विचारायचं नाही. "तिचा पाय कसा होता?" असं विचारायचं. उत्तर देता आलं म्हणजे लक्ष बाहेर होतं. "बघायचं राहिलं" म्हणाली, तर ती पुन्हा स्वतःवर पहारा देत होती. एवढ्यावरून तुम्हाला कळतं, तिला रागवायची गरज नाही.

खो-खो, बॅडमिंटन किंवा धनुर्विद्येतल्या खेळाडूनं आपापला 'चेंडू' असाच शोधायचा. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला धावणाऱ्याची कंबर, बॅडमिंटनला शटलचं टोक. एक लक्षात ठेवा: बघायची गोष्ट स्वतःच्या शरीराबाहेरची हवी.

पायरी ५: दडपण थोडं थोडं पाजायचं

गॉलवे वाचून सरावात सगळं छान होतं आणि मॅचला पुन्हा तेच, असं होऊ शकतं. त्याचं कारण सरावात दडपणच नसतं. बायलॉक आणि त्यांचे सहकारी थॉमस कार यांचा २००१ चा एक अभ्यास इथं कामाला येतो. गोल्फमध्ये चेंडू हलकेच टोलून खड्ड्यात घालायला शिकताना ज्यांचं चित्रण होत होतं आणि ते तज्ज्ञ बघणार असल्याचं ज्यांना सांगितलं होतं, ते लोक पुढं खऱ्या दडपणात ढासळले नाहीत. बघितलं जाण्याची सवय आधीच झाली होती.

तिसऱ्या आठवड्यात म्हणून सरावाच्या शेवटी दहा मिनिटं अशी ठेवा. फलकावर लिहायचं: आपण दोन गुणांनी मागे, दोन मिनिटं बाकी. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात, ही तिसरी, गुण आणावाच लागेल. मोबाइल तिच्याकडं रोखलेला. पहिल्या दिवशी बघायला फक्त आपला संघ. दोन दिवसांनी दुसऱ्या वर्गातल्या चार मुली. आठवड्याच्या शेवटी मुख्याध्यापकांना पाच मिनिटं येऊन उभं राहायची विनंती करायची. त्यांनी काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं. हरणाऱ्या बाजूनं मॅट गुंडाळायची, एवढीच पैज.

यात बिघडतं ते मात्रेमुळं. हौशी प्रशिक्षक पहिल्याच दिवशी हरणाऱ्याला मैदानाच्या दहा फेऱ्या लावतो, वर सगळ्यांसमोर टोमणे मारतो. त्यानं सवय होत नाही, भीतीची तालीम होते. मात्रा जास्त झाली हे कसं ओळखायचं? मुलगी सरावालाही निदान रेषेवरून परत यायला लागली, किंवा शेवटच्या दहा मिनिटांआधी तिचं पोट दुखायला लागलं, तर एक पायरी खाली उतरा.

पायरी ६: मॅचच्या दिवशी

पुस्तक घरी ठेवा. त्या दिवशी नवं काही वाचायचं, सांगायचं नाही.

धडधडणाऱ्या मुलीला "शांत हो" म्हणणं फारसं उपयोगी पडत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, गाणं किंवा भाषण करण्याआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्साहात आहे" म्हणणाऱ्यांनी चांगली कामगिरी केली. हे प्रयोग खेळाचे नव्हते, तेव्हा त्यावर फार मोठा इमला चढवू नका. पण कारण पटण्याजोगं आहे: धडधड दोन्हीकडं सारखीच असते, त्यामुळं भीतीवरून उत्साहाकडं जाणं शांततेकडं जाण्यापेक्षा सोपं पडतं. "छातीत धडधडतंय? अंग तयार झालंय तुझं" एवढं म्हणा आणि पाठीवर हात ठेवून बाजूला व्हा.

श्वासाचं काम मध्यरेषेच्या अलीकडं करायचं. चार मोजत नाकानं आत, सहा मोजत तोंडानं बाहेर, असे दोन श्वास. मग एक साधा श्वास घेऊन दम सुरू. दोनापेक्षा जास्त नकोत. घाबरलेली मुलं लांबलचक श्वास भराभर घेत सुटतात आणि त्यानं डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. मग तीच भीती दुप्पट वाटते.

चढाईला निघताना बाजूरेषेवरून एकानंच बोलायचं आणि एकच शब्द. आपल्या मुलीसाठी तो "पाय!" नको, कारण ती पुन्हा स्वतःचे पाय बघेल. "कोपरा!" ठीक आहे.

पायरी ७: फरक पडतोय का

गुण मोजू नका. गुण समोरच्या संघावरही ठरतात. वहीत तीन गोष्टी लिहा: चढाई किती सेकंद चालली, निदान रेषेच्या पुढं हात किंवा पाय टाकून प्रयत्न झाला का, आणि विचारल्यावर समोरचीचा पाय सांगता आला का. गोठलेली चढाई बहुधा आठ-दहा सेकंदांत आटोपते, तीस सेकंद हातात असूनही. ती लांबायला लागली, पकड झाली तरी प्रयत्न दिसायला लागला, म्हणजे गाडी रुळावर आली आहे. पकडीत सापडून आउट झाली त्या चढाईलाही तिथं बरोबरची खूण करा.

दीड-दोन महिने नीट करूनही काही हललं नाही, किंवा झोप उडाली, उलट्या होतात, शाळेत जायलाही नको वाटतं, खेळाबाहेरही धास्ती आहे, तर पुस्तकाची हद्द संपली. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. 'टेली मानस' ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ वर आहे. धावताना छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं हे मनाचं म्हणून कधीच सोडून द्यायचं नाही; आधी डॉक्टर.

दुसरं पुस्तक कधी

पहिलं मैदानात उतरल्यावर. एकदम दोन दिली तर ती एकमेकांशी भांडतात, आणि हे मी गमतीनं म्हणत नाही. लॅनी बॅशम यांचं 'विथ विनिंग इन माइंड' घ्या. १९७२ च्या म्युनिकला दडपणात सुवर्ण हुकून रौप्य मिळालेला आणि १९७६ ला माँट्रियलला सुवर्ण घेतलेला हा रायफल नेमबाज. धनुर्विद्या किंवा नेमबाजी करणाऱ्या मुलाला त्याचं पुस्तक फार जवळचं वाटेल. तो बजावतो, की चुकलेल्या नेमाबद्दल बोलू नका, लिहू नका. जे जमलं तेच नोंदवा. उलट बायलॉक आणि रामिरेझ यांच्या २०११ च्या अभ्यासात, परीक्षेआधी दहा मिनिटं आपली धास्ती कागदावर उतरवून काढलेल्या विद्यार्थ्यांना फायदा झाला. पोरगी दोन्ही ऐकते आणि विचारते, "मग लिहू की नको, सर?"

माझं उत्तर असं: धास्ती आदल्या रात्री लिहायची, ती वही घरी राहील. मॅच झाल्यावर लिहायची ती वही वेगळी, आणि तिच्यात समोरचीचा पाय कसा होता, इतकंच.